चौथ्या विषयाचा सूचक

"खुर्च्या पुन्हा एक कमीच. एवढं साधं जमत नाही लोकांना," तपासणीची यंत्रं सांभाळणारे मशीनवाले तिच्या खांद्यामागून पुटपुटले आणि शेवटची रिकामी खुर्ची ओढून बसले.

ती टेबलाखाली वाकून प्रोजेक्टरची वायर खोचत होती. त्यांचा बूट तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर येऊन टेकला. तिने वायर खोचली, गुडघे झटकले आणि शेजारच्या तराजूच्या खोलीतून प्रयोगशाळेतलं उंच स्टूल उचलून आणलं. कमी पडायची ती खुर्ची दर वेळी तिचीच असायची, कारण बाकीचे बसल्यावरच ती बसायला मोकळी व्हायची. स्टुलावर बसलं की पाय लोंबकळायचे, टेबल फार खाली जायचं आणि वही मांडीवर घ्यावी लागायची. सगळ्यांपेक्षा हातभर उंच बसून ती सगळ्यांचं बोलणं टिपत राहायची, आणि तरीही ती खोलीत आहे हे चहा संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नसे.

ही पाणी तपासायची प्रयोगशाळा. नळांचं, विहिरींचं, कारखान्यांमागच्या नाल्यांचं पाणी इथे बाटल्यांतून यायचं आणि ते पिण्याजोगं आहे की नाही हे इथली सही झाल्यावर ठरायचं. ती इथली सगळ्यात जुनी रसायनतज्ज्ञ. पण तसं कुणी म्हणत नसे. सगळे तिला चिटणीस म्हणत. साहेब कौतुकाने म्हणत, मशीनवाले खवचटपणे, आणि नवी माणसं हेच तिचं आडनाव असावं अशा समजुतीने.

सुरुवात साधीच झाली होती. ती नोकरीला लागली त्याच आठवड्यात बैठकीचं इतिवृत्त लिहिणारा कारकून रजेवर गेला. साहेबांनी तिचा एक अहवाल उचलून बघितला आणि म्हणाले, अक्षर छान आहे तुमचं, एवढ्या वेळेपुरतं लिहाल का. तो कारकून पुढे बदलून गेला, त्याची जागा रद्द झाली, आणि त्या 'एवढ्या वेळे'ने आता तिच्याबरोबर चष्मा लावायचं वय गाठलं होतं.

आणि लिहिणं म्हणजे नुसतं लिहिणं नव्हे. बैठक कधी घ्यायची हे ठरवायला आधी सगळ्यांच्या मागे फिरायचं. हिशेबनिसांना महिन्याची अखेर चालत नाही, मशीनवाल्यांना सकाळ चालत नाही, साहेबांना काय चालतं हे साहेबांनाच ऐन वेळी कळतं. मग विषयपत्रिका करायची, ती सगळ्यांकडे पोचवायची, आणि पोचली का हे पुन्हा विचारायचं, कारण न वाचलेल्याला न मिळाल्याचं सांगणं सोपं असतं. खोलीची किल्ली आणायची. चहा सांगायचा. बैठकीत जो जे बोलेल ते लिहायचं, पण बोलला तसं नव्हे. बोलायला हवं होतं तसं. कुणी कुणावर ओरडलं तर 'सविस्तर चर्चा झाली.' कुणाला उत्तर सुचलं नाही तर 'माहिती घेऊन सांगण्याचे ठरले.' मग मसुदा फिरवायचा. मशीनवाले हमखास लाल रेघ मारून परत पाठवत, मी असं म्हटलं नव्हतं. त्यांनी तसंच म्हटलेलं असे. ते बदलायचं, साहेबांची सही घ्यायची, फाइलला लावायचं, आणि मग ज्याने जे करायचं कबूल केलं त्याच्या मागे महिनाभर लागायचं. म्हणजे काम त्यांचं, आणि आठवण करून दिल्याचा राग मात्र तिच्या वाट्याला.

लिहिता लिहिता बोलता येत नाही, हे तिच्या फार उशिरा ध्यानात आलं. एखाद्या मुद्द्यावर तिला काही सुचायचं तेव्हा आधीच्या माणसाचं वाक्य अर्धं लिहून झालेलं असायचं. ते पुरं करून मान वर करेपर्यंत गाडी पुढच्या विषयावर गेलेली. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी साहेब दर वर्षी हळहळत, बैठकीत तुमचा सहभाग थोडा कमी पडतो. त्या मूल्यमापनात किती नमुने तपासले, किती नव्या पद्धती बसवल्या याला रकाने होते. खुर्च्यांना नव्हता, वायरीला नव्हता, निवृत्त होणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करण्याला नव्हता.

त्या दिवशी विषयपत्रिकेवर चौथा विषय तिचाच होता. म्हणजे तांत्रिक प्रमुखाच्या जागेचा. आधीचे प्रमुख निवृत्त झाले होते; त्यांच्या निरोप समारंभाची शाल, हार आणि भाषण तिनेच आणलं, बांधलं आणि लिहून दिलं होतं. जागेसाठी अर्ज दोनच. एक तिचा. दुसरा नव्या डॉक्टरांचा, ज्यांना येऊन बरीच वर्षं झाली तरी जे नवेच राहिले होते. माणूस वाईट नव्हता. पीएच.डी. होती, बोलणं गोड होतं, आणि कुठलीही जड वस्तू उचलायची वेळ आली की त्यांचा फोन वाजायचा.

तिसरा विषय संपला. साहेबांनी घसा खाकरला.

"आता यापुढच्या विषयाला उमेदवारांनी जरा बाहेर थांबावं. नियम आहे तसा. राग नको."

डॉक्टर उठले. ती स्टुलावरून उतरली. वही टेबलावर ठेवली, तिच्यावर पेन ठेवलं, टोपण लावून. टेबलाशी चार जण उरले. साहेब, हिशेबनीस, मशीनवाले, आणि तिची मैत्रीण.

मैत्रीण म्हणजे जंतुशास्त्राच्या विभागातली. तिला सगळे जंतूताई म्हणत. पाण्यात न दिसणारं काय काय वाढतं ते बशीत वाढवून मोजणं हे तिचं काम. दोघींचा डबा रोज एकत्र उघडायचा. एकमेकींच्या सासूबाई न बघता ओळखाव्यात इतकं बोलून झालेलं. बाहेर जाताना तिने मैत्रिणीकडे पाहिलं. ती कपाच्या कानाशी खेळत होती.

व्हरांड्यात खिडकीशी दोघं उभी राहिली. आत दार ओढून घेतलं गेलं. डॉक्टर शर्टाची बाही नीट करत म्हणाले, आपल्यापैकी कुणीही झालं तरी आपण एकच टीम आहोत. ती हो म्हणाली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं, मग बराच वेळ काहीच नाही.

"आत लिहितंय कोण?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

तिने दाराकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, तिनेही नाही.

दार उघडलं तेव्हा सगळे आधीच उभे होते. साहेबांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला. अभिनंदन, अभिनंदन. हिशेबनिसांनी पाठ थोपटली. मैत्रीण जंतूंच्या प्लेट्स बघायच्या आहेत असं काहीतरी म्हणत तिच्या बाजूने निघून गेली, अंग चोरून, जशी रुंद दारातूनही माणसं कधी कधी जातात.

वही होती तिथेच होती. पेन वहीवर, टोपण लावलेलं, तिने ठेवलं होतं त्याच तिरक्या रेषेत.

"आणि चिटणीस," साहेब म्हणाले, "चौथ्या विषयाचं तेवढं दोन ओळींत लिहून टाका. सर्वानुमते वगैरे. शुक्रवारी डॉक्टरांसाठी छोटासा चहाही ठेवू. तुम्ही बघालच."

ती आपल्या बाकाकडे परतली. बैठकीआधी तिने पाण्याच्या जडपणाची चाचणी अर्धी लावून ठेवली होती. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब सोडत जायचं. लालसर रंग बदलत जातो आणि शेवटच्या एका थेंबाला लख्ख निळा होतो. तिथे थांबायचं असतं. तिने नळी हातात धरली. रंग निळा झाला, आणि ती सोडतच राहिली, पुढे आणखी, आणखी, नळी रिकामी होईपर्यंत. मग ते सगळं बेसिनमध्ये ओतलं आणि नवा नमुना घेतला.

शुक्रवारचा चहा तिने बघितला नाही. नाही असं कुणाला सांगितलंही नाही. नुसता चहा सांगितला नाही. चार वाजता सगळे खोलीत जमले. रिकाम्या टेबलाभोवती हात चोळत उभे राहिले. डॉक्टर नवीन शर्ट घालून आले होते. मशीनवाले म्हणाले, काय हो, कपबशांनी संप केला की काय. तिने काचेच्या दारातून हे सगळं पाहिलं आणि पिपेट धुवत राहिली. छाती धडधडत होती, हे खरं. पण त्या धडधडीत एक गारवाही होता, उन्हातून आल्यावर माठावर हात ठेवावा तसा.

इतिवृत्त मात्र तिने लिहिलं, साहेबांनी सांगितलं तसं, दोन ओळींत. ते मुख्य कार्यालयातून शेरा मारून परत आलं. ज्येष्ठ उमेदवाराला डावललं असेल तर सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि कारण काय, हे उपस्थितांच्या शब्दांत नमूद असावं. ते पुढच्या बैठकीत वाचून कायम करावं. तोवर नेमणुकीचा आदेश निघणार नाही. नियम जुनाच होता. फक्त आजवर चौथ्या विषयासारख्या जागी ती खोलीत असायची आणि हे सगळं न सांगता लिहून टाकायची, म्हणून तो कधी कुणाला टोचला नव्हता.

साहेबांनी तिला बोलावून कागद पुढे केला.

"हे जरा पुरं करा. तुम्हाला सवय आहे."

"मी खोलीत नव्हते, साहेब."

"माहीत आहे हो. काहीतरी घाला. प्रशासकीय कारणास्तव म्हणा."

"हे कुणाचे शब्द?"

"सगळ्यांचेच."

"आधी कुणी म्हटलं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले की ती उगाच मनाला लावून घेतेय. ते म्हणाले की घरातल्या माणसासारखं त्यांनी तिला मानलं आहे. घरातल्या माणसाला पानं वाढायलाच उठवतात, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने कागद घेतला.

"मग मी सगळ्यांना विचारून लिहिते," ती म्हणाली. "नेहमीसारखं."

मशीनवाले आपल्या यंत्राचं झाकण उघडून आत डोकं घालून बसले होते. त्यांनी डोकं बाहेर काढलंच नाही. आतूनच म्हणाले की नेमक्या त्याच वेळी त्यांना कंपनीचा फोन आला होता, ते खिडकीशी होते, मागचं काही ऐकू आलं नाही. मग थोडं थांबून, अजूनही आतच, ते म्हणाले, "पण एक सांगू का. सूचक-बिचक करत बसू नका. चांगलं दिसत नाही."

"कुणाला?"

यंत्राच्या आत पाना खडखडला.

हिशेबनीस प्रामाणिक दिसणारा माणूस. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, हेच नवल. म्हणाले, माझा तुमच्या कामाबद्दल आक्षेप नव्हता, तसं लिहा. ती म्हणाली, लिहिते. मग हात वर का केलात. ते म्हणाले, सगळ्यांनी केला. ती म्हणाली, तुमच्या आधी कुणी केला. हिशेबनिसांनी टेबलावरची टाचण्यांची डबी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि म्हणाले की काही गोष्टी बायकांनी बायकांतच बोलून घेतलेल्या बऱ्या. ती कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे बघत राहिली, पण त्यांनी डबीतून मान वर केली नाही. हा आणखी एक टोमणा, एवढंच तिने त्यातून उचललं, आणि उठली.

राहिली जंतूताई. तिच्याकडे ती कागद घेऊन गेलीच नाही. मैत्रिणीला कसलं विचारायचं. शिवाय ती चौथ्या विषयापासून डब्याला येत नव्हती. कधी प्लेट्स मोजायच्या राहिल्यात, कधी पोट ठीक नाही. हिला वाटलं, बिचारी लाजतेय. खोलीत एकटी पडली असेल, बाजू घेऊन बोलली असेल, कुणी ऐकलं नसेल, आणि आता तोंड कसं दाखवू म्हणून लपतेय. एकदा धुण्याच्या बेसिनशी दोघी समोरासमोर आल्या. पूर्वी याच बेसिनशी उभं राहून दोघी पोट धरून हसल्या होत्या. एकदा ही आजारी असताना इतिवृत्त मैत्रिणीच्या गळ्यात पडलं होतं. तिने असं काही लिहून ठेवलं की निम्मे विषय गायब, साहेबांच्या तोंडी मशीनवाल्यांची वाक्यं, आणि अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा तिला ते काम कधी दिलं नाही. मुद्दाम नाही हं केलं, असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि डोळे मिचकावले होते. आज तिने बशी विसळली, पुन्हा विसळली, आणि नळ बंद न करताच निघून गेली. वाहता नळ हिने बंद केला.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, डोळ्याला भिंग लावून ऐकायची त्याची सवय. तो म्हणाला, दोन ओळींचा प्रश्न आहे, खरडून टाक आणि मोकळी हो. ती म्हणाली, वीस वर्षं मोकळीच होतेय. आतून सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं. नवरा म्हणाला, काही नाही, ऑफिसात लिहायला सांगितलंय, ही नाही म्हणतेय. सासूबाई दारात आल्या. त्यांनी सुनेकडे नीट, नवीन भांडं बघावं तसं पाहिलं. मग म्हणाल्या, नाही म्हणता येत होतं होय तुला, आम्हाला कधी सांगितलं नाहीस. आणि रविवारी नणंदेकडच्या पाहुण्यांचं कोण बघणार ते विचारायला आल्या होत्या, ते न विचारताच परत गेल्या.

पुढच्या बैठकीला ऑफिसची हवा आंबट झाली होती. आदेश अडकला होता. डॉक्टर तिला पाहून आता टीम म्हणत नव्हते. तोंडभर 'मॅडम' म्हणत होते, एकेक अक्षर सुटं करून. कुणीतरी तिच्या बाकावरचा दिवा हलवला होता. तिने सगळ्यांना वेळ विचारली नाही, साहेबांनीच कळवली, चुकीची कळवली, मग पुन्हा कळवली. खोलीची किल्ली बराच वेळ सापडत नव्हती. चहा नव्हता.

खुर्च्या मात्र होत्या तेवढ्याच. ती सगळ्यांत आधी गेली आणि साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसली. चांगली पाठ असलेली खुर्ची. टेबल हाताशी नीट येत होतं. हे तिला ठाऊकच नव्हतं. मशीनवाले सगळ्यांत शेवटी आले. खोलीभर बघितलं. तिच्याकडे बघितलं. कुणी उठत नाही म्हटल्यावर तराजूच्या खोलीत जाऊन स्टूल घेऊन आले आणि वर चढून बसले. त्यांचे पाय लोंबकळायला लागले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

"विषय पहिला," साहेब म्हणाले. "मागील बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचा, चिटणीस."

तिने वाचलं. विषय एक, दोन, तीन. आवाज सपाट होता, बातम्या वाचल्यासारखा. मग म्हणाली, "विषय चार. या विषयाच्या वेळी इतिवृत्त लिहिणारी व्यक्ती बाहेर होती. आत कुणी लिहिलं नाही. सूचक, अनुमोदक आणि कारण यांची जागा कोरी ठेवली आहे. उपस्थितांनी सांगावं, म्हणजे त्यांच्या शब्दांत लिहिता येईल."

तिने पेनाचं टोपण काढलं.

साहेब म्हणाले, असा तमाशा या टेबलावर पूर्वी झाला नाही. ती म्हणाली, पूर्वी मी लिहिताना गाळत होते. हिशेबनीस खाली बघत म्हणाले की वाटल्यास सूचक म्हणून त्यांचं नाव घाला, एकदाचं संपवा. तिने विचारलं, तुम्ही सुचवलं होतं का. ते म्हणाले, तसं नाही, पण नाव घालायला माझी हरकत नाही. डॉक्टर म्हणाले, मॅडम, आपण प्रॅक्टिकल होऊ या. स्टुलावरून मशीनवाले म्हणाले की सगळ्यांना कामं आहेत आणि एका माणसाच्या हट्टापायी पाच माणसं खोळंबलीत.

"तुम्हाला पद हवं होतं, मिळालं नाही, एवढंच ना?" ते म्हणाले. "मग तसं सरळ बोला. अक्षरं कसली गिरवताय."

"हवं होतं," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत या टेबलाशी तिने स्वतःबद्दल उच्चारलेलं हे पहिलं वाक्य असावं, आणि ते कुणी लिहून घेत नव्हतं.

"हवं होतं, आणि माझं होतं. ज्याने देऊ नका म्हटलं त्याने इथे म्हणावं. काम येत नाही म्हणा. नमुने चुकवते म्हणा. मी लिहीन. काहीही असलं तरी लिहीन." तिने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. साहेब, हिशेबनीस, वर स्टुलावर मशीनवाले. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ती शोधत होती तो माणूस. गंमत म्हणजे तिघंही तिच्याकडे बघत नव्हते, पण एकमेकांकडेही बघत नव्हते. तिघांचीही नजर टेबलाच्या एकाच कोपऱ्याकडे जायची आणि तिथे न टेकता परत यायची.

त्या कोपऱ्यात जंतूताई बसली होती. तिच्यापुढे रिकामा कप होता; चहा नसताना तिने तो कुठून आणला होता कोण जाणे. ती कपाचा कान बोटाने फिरवत होती, मागच्या वेळेसारखाच.

तिने मैत्रिणीकडे पाहिलं. आणि मग हिशेबनिसांची टाचण्यांची डबी तिला आठवली. पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा ठिपका पसरत गेला.

"आता राहू द्या हे," साहेब घाईने म्हणाले. "आपण असं करू—"

"सूचक मी," जंतूताई म्हणाली.

तिचा आवाज इतका साधा होता की साहेब आणखी दोन शब्द बोलून गेले आणि मग थांबले.

"लिही," ती म्हणाली. "माझंच नाव लिही. अनुमोदक सगळेच. हात वर करायला कुणाला वेळ लागला नाही."

"कारण?" तिने विचारलं. हा प्रश्न तिने विचारला की पेनाने, हे तिला कळलं नाही. वर बघायचं धैर्य होत नव्हतं.

मैत्रिणीने कप बाजूला सारला.

"कामाचं काही नव्हतं. काम तुझ्याइतकं इथे कुणाला येत नाही, हे साहेबच आधी म्हणाले. तुझंच नाव ठरत आलं होतं. मग हे म्हणाले," तिने मान किंचित वर, स्टुलाकडे केली, "की मग बैठकांचं, चहाचं, बाकीचं कोण बघणार. एवढंच म्हणाले. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदम. दुसरीकडे कुणी बघितलंच नाही. मी एकटीच बाई राहिले होते ना खोलीत."

कुणाची तरी खुर्ची करकरली.

"मला घरी दोन म्हातारी माणसं आहेत. माझ्या प्लेट्स मोजायला मला वेळ पुरत नाही. मी तुझं वीस वर्षं बघितलंय, जवळून. मला ते नको होतं. म्हणून मी म्हटलं, तिला तिथेच राहू दे, ती छान करते." ती थांबली. मग पहिल्यांदा मैत्रिणीकडे बघून म्हणाली, "पण लगेच नाही म्हटलं, गं. मी थांबले होते. तिघांपैकी कुणीतरी म्हणेल, आम्ही लिहू, म्हणून थांबले होते."